गेले म्हणजे कुठे गेले?

आबा गेले त्या पहाटे मी पावणेसहाला दवाखान्यातून घरी आलो. रिक्षात वाटभर एकच वाक्य मनात घोळवत होतो. ओवी उठून बसली होती. घरातले दिवे नको त्या वेळी लागले की लहान मुलांना कळतंच काहीतरी. पावणेपाच वर्षांची पोरगी. मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, ‘बाळा, आबा गेले.’

ती म्हणाली, ‘कुठे?’

मी गप्प. ती उठली, दारापाशी गेली, चपलांच्या मांडणीत वाकून पाहिलं आणि परत आली. ‘चप्पल तर इथंच आहे.’

चप्पल इथंच होती, कारण आठ दिवसांपूर्वी आबांना घरातून स्ट्रेचरवर नेलं होतं. पण तिचं म्हणणं बिनतोड होतं. माणूस गेला तर चप्पल घालून जातो. मी वाटभर घोटलेलं वाक्य चुकीचं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, पण तिच्या मराठीत त्याचा अर्थ वेगळा होत होता.

मराठीत मरणाला किती शब्द आहेत बघा. गेले, वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले, देवाघरी गेले, आणि आता शहरांतून ‘ऑफ झाले’, ‘एक्सपायर झाले’. त्यातला रोज तोंडात असणारा शब्द ‘गेले’, म्हणजे जाणे या क्रियापदाचा भूतकाळ. बाबा ऑफिसला गेले, आजी देवळात गेली, आबा गेले. मोठ्या माणसाला नुसतं ‘गेले’ ऐकलं की पुढचं कळतं. स्वर उतरलेला असतो, ‘कुठे’ या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नसतं आणि ते विचारायचंही नसतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला हा संकेत माहीत नसतो. त्याच्या हिशेबी गेलेला माणूस कुठेतरी असतो आणि संध्याकाळी येतो.

दुसरीकडे ‘मेला’ हा शब्द मुलांना चांगला ठाऊक असतो. झुरळ मेलं, मासा मेला. पण आबांबद्दल ‘मेले’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही. तो शब्द आपण शिवीसाठी आणि जनावरांसाठी ठेवून दिलाय. म्हणजे मुलाला कळतो तो शब्द आपल्याला म्हणवत नाही आणि आपण म्हणतो तो मुलाला कळत नाही.

यातून मला सापडलेली वाट साधी आहे. ‘वारले’ हा शब्द घ्यायचा. या वयाच्या मुलाला त्याचा दुसरा कुठलाच अर्थ ठाऊक नसतो, तो कोरा असतो. त्यात आपण अर्थ भरायचा. ‘आबा वारले. वारले म्हणजे मेले,’ हे एकदाच, स्पष्ट म्हणायचं आणि पुढे प्रत्येक वेळी तोच शब्द वापरायचा. घरातल्या पाच माणसांनी पाच शब्द वापरले तर मूल पाच वेगवेगळ्या घटना समजतं. ओवीच्या मामानं फोनवर ‘स्वर्गवासी’ म्हटलेलं तिनं ऐकलं आणि ‘आबांनी नवीन घर घेतलं का?’ असं विचारलं, तेव्हा मला हे पटलं.

पण कोऱ्या शब्दात भरायचं काय? या वयाचं मूल मरणाबद्दल काय समजून असतं, हे आधी पाहायला हवं.

हंगेरीतल्या मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्ट आणि आसपासच्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांशी बोलून, त्यांच्याकडून चित्रं आणि लेख करून घेऊन एक अभ्यास केला. तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या लेखी मेलेला माणूस म्हणजे दुसरीकडे राहायला गेलेला, किंवा कमी-कमी जगणारा माणूस. तो पेटीत पडून असतो, पण त्याला भूक लागते, बाहेर काय चाललंय ते कळतं. थोडक्यात, त्यांना मरण अजिबातच कळत नाही असं नाही. ते त्यांना जगण्याचाच एक फिकट प्रकार वाटतं.

पुढच्या संशोधकांनी मरणाच्या समजुतीचे तुकडे पाडले. मेलेला परत येत नाही. मेल्यावर शरीराची सगळी कामं थांबतात. प्रत्येक जण कधीतरी मरतो. मरणाला शरीरातलं काही कारण असतं. हे चारही तुकडे एका दिवशी मुलाच्या डोक्यात उतरत नाहीत. बहुतेक मुलांना ते साधारण पाच ते सात या वयात, पुढेमागे कळतात. ज्यांच्या घरात मरण घडलंय किंवा ज्यांना नीट सांगितलंय, त्यांना थोडे आधीही.

पालकांच्या कामाचा शोध ऑस्ट्रेलियातल्या व्हर्जिनिया स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. शाळापूर्व वयातल्या मुलांना त्यांनी शरीर कसं चालतं ते शिकवलं. हृदय कशासाठी, फुप्फुस कशासाठी, खाल्लेलं कुठे जातं, आणि हे सगळं जिवंत राहण्यासाठी कसं लागतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं, की शरीराचा हा उपयोग ज्या मुलांच्या ध्यानात आला, त्यांची मरणाबद्दलची समजही सुधारली. कारण उघड आहे. शरीर हे काम करणारं काही आहे हे कळलं, की काम थांबणं म्हणजे काय तेही कळतं. तेव्हा मरणाची गोष्ट आकाशापासून सुरू न करता छातीपासून सुरू करावी.

त्या सकाळी हे सगळं मला आठवत होतं अशी बढाई मी मारणार नाही. आठवली ती चप्पल. तासाभरात आबांना घरी आणणार होते, आणि त्याआधी सांगणं भाग होतं. मी ओवीला घेऊन गच्चीवर गेलो. तिला वीस उड्या मारायला लावल्या आणि तिचा हात तिच्याच छातीवर ठेवला. ‘काय होतंय?’ ‘धडधड.’ ‘ते हृदय. ते रक्त सगळीकडे पोचवतं, म्हणून आपण पळतो, खातो, बोलतो. आबांच्या हृदयात मोठा बिघाड झाला होता. डॉक्टरांनी खूप औषधं दिली, पण आज पहाटे आबांचं हृदय थांबलं. हृदय थांबलं की शरीरातलं सगळं थांबतं. आबा आता श्वास घेत नाहीत. त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही, थंडी वाजत नाही. आपण हाक मारली तर त्यांना ऐकू येणार नाही. ते आता परत कधीच उठणार नाहीत. याला म्हणतात, आबा वारले.’

‘वारले’ म्हणताना माझा आवाज गेला. त्याआधी मी अकरा जणांना फोन केले होते आणि प्रत्येकाला ‘आबा गेले’ असंच सांगितलं होतं. एकदाही ‘वारले’ म्हणालो नव्हतो. माझ्या लक्षात आलं, की ‘गेले’ हा शब्द मी पोरीसाठी निवडलाच नव्हता. तो माझ्या सोयीचा होता. ‘गेले’ म्हटलं की दार थोडं उघडं राहतं. मुलांना सांगायच्या बहुतेक गोड वाक्यांचं असंच असतं. ती आधी सांगणाऱ्याला जपतात.

ओवीनं विचारलं, ‘सेल बदलला तर?’ टीव्हीचा रिमोट बंद पडला की आबाच तिच्याकडून सेल बदलून घ्यायचे. मी म्हणालो, ‘रिमोटला सेल असतो, माणसाच्या शरीरात तसा सेल नसतो. एकदा सगळं थांबलं की डॉक्टरांनाही ते सुरू करता येत नाही.’ तिनं मान डोलावली आणि विचारलं, ‘आज शाळा आहे का?’ या प्रश्नानं पुष्कळ आईबापांना धक्का बसतो. मुलाला काही वाटलंच नाही, असं वाटतं. तसं नसतं. श्रावणातल्या ऊन-पावसासारखं लहान मुलांचं दुःख असतं; दहा मिनिटं सर येते, मग लख्ख ऊन. सरीत सलग उभं राहण्याची ताकद त्यांच्यात नसते.

आता त्या गोड वाक्यांबद्दल. प्रत्येकातून मुलाला काय ऐकू येतं ते पाहू.

‘आबा झोपलेत’ हे सगळ्यांत वाईट, कारण मूल रोज रात्री झोपतं. दोन-तीन दिवसांनी ते झोपायला नकार देऊ लागतं, दिवा मालवू देत नाही, आईला मध्येच हलवून उठवतं. तेव्हा या वाक्याचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. ‘गावाला गेलेत’ म्हटलं की मूल वाट पाहतं, आणि वाट पाहून आबांवर रागावतं. न सांगता गेले, फोनसुद्धा करत नाहीत. ‘देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून नेलं’ हे वाक्य मोठ्या भक्तिभावानं म्हटलं जातं. हुशार मूल त्यातून दोन निष्कर्ष काढतं: देव माणसं पळवतो, आणि फार चांगलं वागण्यात धोका आहे. ‘आजारी होते म्हणून’ एवढंच सांगितलं तर पुढच्या सर्दीला घरात रडारड होते. तिथे ‘खूप मोठा, हृदयाचा आजार, आपल्याला होतो तसला ताप-खोकला नाही’ ही भर हवीच. ‘म्हातारे झाले म्हणून’ हेही अर्धवट. ओवीनं माझ्या कानाजवळचे पांढरे केस दुसऱ्याच दिवशी मोजले. आठ निघाले.

ती मोजणी म्हणजे खरं तर तिसऱ्या तुकड्याचा प्रश्न होता: तूही मरणार का? याला ‘छे, मी नाही मरणार’ म्हणणं खोटं, आणि ‘सगळ्यांनाच मरायचंय’ म्हणून थांबणं क्रूर. मुलाला तत्त्वज्ञान नको असतं. त्याला शाळेतून आणायला उद्या कोण येणार ते हवं असतं. मी म्हणालो, ‘सगळी माणसं कधीतरी मरतात. बहुतेक माणसं खूप खूप वर्षं जगून मरतात. मला कुठलाही मोठा आजार नाही. तू मोठी होईपर्यंत मी तुझ्याजवळ असेन असं मला वाटतं. आणि समजा मला काही झालं तर आई आहे, मामा आहे, आजी आहे.’ शेवटचं वाक्य सांगायला जड जातं, पण मुलाला हवं असलेलं उत्तर तिथंच असतं.

घरात आणखी एक सांगणारी होती, माझी आई. चौपन्न वर्षांचा संसार. ती ओवीला जवळ घेऊन म्हणाली, ‘आबा देवबाप्पाकडे गेले गं.’ मी तोंड उघडलं, तर आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं. नंतर स्वयंपाकघरात ती म्हणाली, ‘अरे, तू तिला हृदय सांग, फुप्फुस सांग. पण मला माझं मन कुठे ठेवू ते तरी ठेवू दे.’

देवाघरी गेल्याची गोष्ट सांगावी की नाही, यावर शहाणी माणसं भांडतात. मला एका स्पॅनिश अभ्यासानं उत्तर दिलं. पॉल हॅरिस आणि मार्ता हिमेनेस यांनी स्पेनमधल्या सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना आजी-आजोबांपैकी कुणी वारल्याची गोष्ट सांगितली. एका गोष्टीत डॉक्टर बोलतो, दुसरीत धर्मगुरू. मग विचारलं, आता त्यांचं शरीर चालतं का, मन चालतं का? डॉक्टरची गोष्ट ऐकल्यावर मुलं ‘सगळं थांबलं’ असं जास्त म्हणाली. धर्मगुरूची ऐकल्यावर ‘काहीतरी चालू आहे’ असं जास्त म्हणाली, आणि त्यातही शरीरापेक्षा मनाबद्दल. हे वाकडं उत्तर लहानांपेक्षा अकरा वर्षांच्या मुलांनीच अधिक दिलं. म्हणजे वय वाढलं की एक गोष्ट दुसरीला हाकलून देते असं होत नाही. दोन्ही एकाच डोक्यात, वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. आपल्यातही राहतातच की. डॉक्टरकडून मृत्यूचा दाखला घेणारा माणूसच दहाव्या दिवशी कावळ्याची वाट पाहतो.

तेव्हा मी आईशी एवढाच करार केला: आधी शरीर, मग देव. ‘आबांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत’ हे आधी पक्कं झालं, की मग ‘आजीला वाटतं, आबा देवबाप्पाजवळ आहेत’ हे खुशाल सांगावं. क्रम उलटा झाला तर मूल देवबाप्पाकडे जाण्याची तिकिटं मागू लागतं. ‘आजीला वाटतं’ हे शब्द आईला आवडले नाहीत. पण ती ते म्हणत गेली.

आपल्याकडे मरण एका सकाळीत संपत नाही. तेरा दिवस चालतं आणि ते मुलाच्या डोळ्यांदेखत चालतं. आबांना आणलं तेव्हा नाकात कापूस, तोंडात तुळशीपत्र, हनुवटीला बांधलेली पट्टी. मुलानं हे पाहावं का? माझ्या मते त्याला विचारावं आणि विचारण्याआधी काय दिसेल ते सांगावं: ‘आबांना बाहेरच्या खोलीत जमिनीवर ठेवलंय. डोळे मिटलेले आहेत. नाकात कापूस आहे. हात लावलास तर गार लागेल. खूप माणसं असतील आणि काही जण मोठ्यानं रडतील. तुला यायचंय?’ शिवाय एक माणूस फक्त मुलासाठी नेमून ठेवावा, ज्याला स्वतःला त्या वेळी कोसळायचं नाही. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या. ओवी आली, आबांच्या अंगठ्याला एक बोट लावलं, ‘गार आहे’ म्हणाली आणि काकूंना घेऊन खाली झोपाळ्यावर गेली. तीन मिनिटंही झाली नसतील. तिला मागे धरून ठेवायचं नाही, आणि नको म्हणाली असती तर ओढायचं नाही, हे ठरलेलं होतं.

अंत्यसंस्काराला संगम माहुलीला तिला नेलं नाही. पण नेलं नाही म्हणून प्रश्न टळला नाही. शेजारच्या मुलानं तिला सांगितलंच, ‘तुझ्या आबांना जाळलं.’ मी रात्री आलो तर ती दारात: ‘आबांना भाजलं असेल ना?’

सकाळी गच्चीवर शरीराबद्दल बोललो होतो ते या प्रश्नासाठी. दुखणं, भाजणं, गुदमरणं हे सगळं चालू शरीराला होतं, हे मुलाला आधी ठाऊक नसेल तर अग्नी ही शिक्षा वाटते. मी विचारलं, ‘आबांचं शरीर चालू होतं का?’ ती म्हणाली, ‘नाही.’ ‘मग त्यांना कळलं असेल का?’ ती जरा थांबली. ‘नाही. पण चष्मा काढला होता ना?’ चष्मा काढला होता. कपाटात होता. तो तिला दाखवला.

दहाव्याला माझं मुंडण झालं. घरी आल्यावर ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘बाबा, तुझे केस पण गेले?’ मी म्हणालो, ‘हे परत येतील.’ जाणारं आणि परत येणारं, जाणारं आणि न येणारं, या दोन डब्यांत ती त्या दिवसांत सगळं भरत होती. खारीची शेपटी, पावसाळा, आजीच्या बांगड्या.

त्याच दिवशी एक चूक आमच्या हातून घडली. पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास झाला. तेव्हा रीतीप्रमाणे काकांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘ओवीची काळजी करू नकोस, तिला आम्ही सांभाळू.’ दोन मिनिटांत कावळा आला. माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन कुणीतरी हा प्रसंग रंगवून सांगितला आणि ओवीनं तो ऐकला. चार दिवसांनी ती अंथरूण ओलं करू लागली. दोन वर्षांपूर्वीच ती त्यातून सुटली होती. अंथरूण ओलं होणं, बोबडं बोलणं, भरवून घेणं हे अशा काळात होतं आणि काही आठवड्यांत आपोआप मागे पडतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण तिच्या आईनं एका रात्री सहज विचारलं, ‘आबा का वारले असं तुला वाटतं?’

‘मी त्यांना त्रास द्यायची म्हणून. काळजी वाटून त्यांचं हृदय बिघडलं.’

या वयात मूल स्वतःला जगाच्या मध्यावर ठेवतं. आपण मनात आणलं, रागावलो, औषधाची बाटली सांडली, म्हणून घडलं, असं ते खरोखर मानतं. बहुतेक मुलं हे बोलून दाखवत नाहीत, म्हणून विचारण्याची वाट पाहू नये. ‘तू काही केलंस, बोललीस किंवा मनात आणलंस म्हणून आबा वारले नाहीत. कुणाच्या रागानं किंवा मस्तीनं हृदय थांबत नाही,’ हे न विचारता सांगून टाकावं. आमच्याकडे त्यावर काकांच्या प्रार्थनेचं ओझंही होतं. तिच्या आईनं तिला सांगितलं, की काका तसं म्हणाले ते आबांचं तुझ्यावर प्रेम होतं म्हणून. अंथरूण त्यानंतर तीन-चार दिवसांत कोरडं राहू लागलं. दर वेळी इतक्या सोप्या हिशेबानं होईल असं मात्र समजू नये.

मुलाला किती कळलं हे कसं ओळखायचं? ‘कळलं ना?’ विचारून काही उपयोग नाही. मूल हो म्हणतं. छोटे, भलतेच प्रश्न विचारावेत. पंधरा दिवसांनी चित्र काढता काढता मी विचारले. आबांना आता भूक लागते? नाही. पळता येतं? नाही. पुढच्या दिवाळीला येतील? नाही. त्यांना आपली आठवण येते? ‘हो, रोज येते.’ थंडी वाजते? ‘थोडी.’ म्हणजे खाणं-चालणं थांबलं हे तिनं स्वीकारलं होतं, वाटणं थांबलं हे नाही. मुलांचा हाच क्रम असतो, शरीराची कामं आधी थांबतात, मनाची मागून. थंडीचं मी दुरुस्त केलं, कारण थंडीत कुडकुडणारे आबा तिला रात्री छळले असते. आठवणीचं राहू दिलं. ते मला माझंच दुरुस्त करता येत नव्हतं.

तोच प्रश्न मूल वीस वेळा विचारतं. याचा अर्थ आपण चुकीचं सांगितलं असा नाही. ते प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं का हे तपासतं. म्हणून उत्तर तेच द्यावं, त्याच शब्दांत. भावलीला तिरडीवर बांधून ‘वारली, वारली’ खेळणं हेही तपासणंच. त्याला अभद्र म्हणून हातावर मारू नये. ‘मला आबांकडे जायचंय’ हे ऐकून काळजाचा ठोका चुकतो, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘मला ते भेटायला हवेत’ एवढाच असतो. ‘जाऊन काय करशील?’ विचारलं की कळतं. हे बोलणं वारंवार येऊ लागलं, किंवा दोन-तीन महिन्यांनंतरही मूल खेळतच नाही, खात नाही, एका खोलीतून दुसरीत एकटं जात नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून पुढे बालमानसतज्ज्ञांकडे जावं.

आता उरलो मी. हे सगळं सांगणाऱ्या माणसाचा स्वतःचा बाप वारलेला असतो, हे अशा प्रकरणांतून बहुधा गाळलं जातं. पहिल्या आठवड्यात मी रोज न्हाणीघरात नळ सोडून रडायचो. ओवीला ते कळायचं. बादली भरून वाहिली तरी बाबा बाहेर येत नाही, एवढं तिला कळायचं. मूल कारण नसलेल्या बंद दाराला स्वतःचं कारण लावतं. मग मी तिच्यासमोर रडू लागलो, पण तीन गोष्टी बोलून: मला आबांची आठवण आली म्हणून रडतोय, तुझ्यामुळे नाही, थोड्या वेळानं थांबेन आणि मग आपण पोळी खाऊ. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. रडण्याला शेवट असतो हे मुलाला आपल्याकडूनच पाहायचं असतं. माझे डोळे पुसायचं काम मात्र तिला द्यायचं नव्हतं. रुमाल घेऊन ती धावत आली तर घ्यायचा, पण ‘माझं लेकरूच मला सांभाळतं’ असं पाहुण्यांसमोर म्हणायचं नाही. ज्या रडण्याला शेवट दिसत नव्हता, ते मी रात्री दहानंतर धाकट्या बहिणीला फोन लावून करायचो.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल मांडलेली कल्पना त्या दिवसांत मला फार उपयोगी पडली. दुःख करणारा माणूस सतत दुःखात नसतो. तो गेलेल्या माणसाकडे जातो आणि पुन्हा वीजबिलाकडे येतो, पुन्हा जातो, आणि हे हेलकावे म्हणजे पळपुटेपणा नव्हे. ओवीचं ‘आज शाळा आहे का?’ विचारणं आणि माझं तिसऱ्या दिवशी, रक्षा सावडून आल्यावर, गॅसचा नंबर लावणं हे एकाच जातीचं होतं. फरक एवढाच की तिला त्याची लाज वाटत नव्हती.

आणि बोलताना आवाज गेलाच, किंवा बोलवलंच नाही, तर घरातल्या दुसऱ्या विश्वासाच्या माणसानं बोलावं आणि आपण शेजारी बसावं. मुलाला आवाज कुणाचाही चालतो. आपली मांडी लागते.

आबा वारल्यावर घरातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्याच मापानं चालू राहिल्या होत्या. कुणी बदलल्याच नाहीत. रोज दीड लिटर दूध यायचं, त्यातलं अर्धा लिटर आबांच्या रात्रीच्या पेल्यासाठी. जास्तीच्या दुधाची आई खीर करत राहिली, मी खात राहिलो आणि दूधवाल्याला सांगायचं काही होईना. तेराव्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी बेल वाजली. मी दाढीला बसलो होतो. ओवीनं दार उघडलं.

‘आबा वारले,’ ती दूधवाल्याला सांगत होती. ‘वारले म्हणजे त्यांना आता दूध लागत नाही. एकच लिटर द्या.’

तो काहीतरी पुटपुटला. मग मापानं पातेल्यात ओतल्याचा आवाज आला, आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून एकेक पाऊल मोजत ती आत आली.